मदत हवी आहे: भाचीचा आजीसाठी बर्थडे मेसेज मराठीत करायचाय, एका ओळीवर अडलेय

माझी भाची ११ वर्षांची, कॅनडात वाढलेली, मराठी समजतं पण लिहिता येत नाही. रविवारी आईची पंचाहत्तरी आहे इथे नौपाड्यात, तर तिने मला इंग्लिशमध्ये मेसेज पाठवलाय, आत्या मराठीत करून दे म्हणून.

तिचं असं आहे: हॅपी बर्थडे आजी, यू आर द बेस्ट, आय मिस युअर हग्ज, कान्ट वेट टू सी यू, लव्ह यू सो मच.

मी आधी शब्दाला शब्द केलं तर 'मी तुझ्यावर खूप प्रेम करते' आलं, ते आजीला नाही हिरोला म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून 'तू मला खूप खूप आवडतेस' केलं. कान्ट वेटचं 'वाट पाहू शकत नाही' म्हणजे भलताच अर्थ, आई म्हणेल नको बघूस मग. तिथे 'कधी एकदा तुला भेटते असं झालंय' छान बसलं. बेस्टला 'तुझ्यासारखी आजी कुणाचीच नाही'.

अडलंय ते हग्जवर. 'तुझ्या मिठीची आठवण येते' बरोबर आहे पण आमच्या घरात मिठी हा शब्द कुणी बोलतच नाही, आई नुसती 'ये गं जवळ' म्हणते आणि पदराने तोंड पुसते. 'तुझ्या कुशीत शिरावंसं वाटतं' लिहिलं तर ११ वर्षांच्या मुलीच्या तोंडी जड होईल का?

आजीला ती अगं-तूगंच करते, आणि व्हॉइस नोटही पाठवणारे, म्हणून तिला म्हणता येईल असंच हवं. तुमची नातवंडं ही ओळ कशी म्हणतील?