मदत हवी आहे: प्रेमकथेत तोच गंध दुसऱ्यांदा कसा आणू?

माझी नायिका दाराचं माप द्यायला सुताराच्या कारखान्यात येते. तो रंधा मारतोय. सागवानाच्या ताज्या भुशाचा आणि त्याच्या घामाचा वास तिला उंबऱ्यातच जाणवतो. पण नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं, त्यामुळे पुढच्या परिच्छेदात तोच वास खोटा वाटतो. आवाजाचं जमलंय: रंधा थांबतो आणि त्याचं ‘सांगा माप’ एकदम जवळून ऐकू येतं. स्पर्श एकच, टेप धरताना लागलेलं त्याचं खरखरीत बोट. ‘अंगावर शहारा आला’ मुद्दाम टाळलंय, त्यात तो माणूस दिसतच नाही. तिची वाढती ओढ मला वासातूनच दाखवायची आहे. घरी पदराला चिकटलेल्या भुशातून आणू, की ती बाहेर जाऊन परत आत येते तेव्हा? तुम्ही काय कराल?