फोटोतून नको त्या गोष्टी काढल्या तर खाली काय लिहायचं? उद्यापर्यंत हवंय

सह्यवेडी
मंडळी, घाईत आहे म्हणून थेट विचारते. एका फोटोतून दोन-तीन नको त्या गोष्टी मोबाइलमधल्या खोडरबराने काढल्यात. आभाळ पांढरंफटक होतं, ते निळं केलंय. फोटो झकास दिसतोय. आता ग्रुपमधले एक काका अडून बसलेत की ही फसवणूक आहे, खाली लिहायलाच हवं. मी म्हटलं, "प्रातिनिधिक छायाचित्र" लिहू. ते त्यालाही नाही म्हणतात. मग नेमकं काय लिहितात? उद्या संध्याकाळी पाचला फाइल द्यायची आहे. लेक्चर नको, फक्त ओळ सांगा.

प्रकाशबिंदू
काही लिहू नका. मोबाइल स्वतःच पाच-सहा फोटो जोडून एक बनवतो, आभाळ वेगळं उजळतो, चेहरा वेगळा. "खरा फोटो" नावाची वस्तूच शिल्लक नाही. फिल्मच्या काळातही डार्करूममध्ये हात फिरवून ढग गडद करत होतेच. काकांना चहा पाजा.

आडवाटेचा पांथस्थ
आभाळासाठी पोलरायझर लावा. सूर्याला काटकोनात उभं राहिलं की निळं येतं. खोडरबराची गरजच नाही.

सह्यवेडी
@पांथस्थ, फोटो काढून झालाय हो. पुन्हा गडावर जाणं शक्य नाही.

जुना डेस्कवाला
ताई, कुठला गड, कसला फोटो, फाइल कोणाला द्यायची? स्पर्धा, छापील अंक की स्वतःची भिंत? त्यावर सगळं ठरतं. एका दैनिकाच्या फोटो डेस्कवर सतरा वर्षं काढली आहेत, तिथेही पहिला प्रश्न हाच असायचा.

सह्यवेडी
गडाचं नाव नको, ग्रुप ओळखू येईल. आम्ही गडावरचं एक खांबटाकं साफ केलं. एका कंपनीने पैसे दिले होते, त्यांना अहवाल द्यायचा आहे. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी. नंतरच्या फोटोत एक कार्यकर्ता लाल टीशर्टमध्ये मधोमध उभा आहे आणि काठावर गोणपाटं पडलीत, तेवढंच काढलंय. हाच फोटो कॅलेंडरवरही जाणार आहे. दोन्ही फोटो खाली डकवलेत.

प्रकाशबिंदू
अहो, हे आधी सांगायचं ना! तरी म्हणेन, माणूस काढला तर कोणाचं काय गेलं? टाकं साफ झालंच आहे.

कोकणचा खानसामा
अनुभवाचे बोल. माझ्या होमस्टेच्या फोटोतून दारासमोरचा विजेचा खांब काढला होता. एक कुटुंब ठाण्याहून आलं, बाई गाडीतून उतरल्या त्या खांबाकडे बोट दाखवूनच. जेवणाचे पैसे सोडून द्यावे लागले. आता फोटोत खांब आहे, वर दोन कावळेही आहेत. बुकिंग कमी झालं नाही.

जुना डेस्कवाला
खानसामांनी नेमकं दाखवलंय. बघणारा त्या फोटोवरून काय ठरवणार आहे, हे आधी विचारायचं. कॅलेंडर बघणारा फक्त "वा" म्हणणार. अहवाल बघणारा पैसे कामी आले का ते ठरवणार. तिथे तुमचा फोटो पुरावा आहे.

आणि @प्रकाशबिंदू, तुमचं अर्धं बरोबर आहे. सगळा फोटो उजळणं, पांढऱ्याचा तोल सांभाळणं, हे आम्हीही रोज करायचो. पण चौकटीतली वस्तू काढणं किंवा घालणं हा वेगळा मामला. सीरियातल्या एका फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून नार्सिसो कॉन्ट्रेरास या छायाचित्रकाराने सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा काढला होता. फोटोचा अर्थ त्याने बदलला नव्हता. तरी जानेवारी 2014मध्ये असोसिएटेड प्रेसने त्याच्याशी संबंध तोडले. कारण सरळ आहे, एकदा वस्तू काढायची मुभा दिली की बाकीच्या फोटोंवर कोण विश्वास ठेवेल?

प्रकाशबिंदू
ते युद्धाचे फोटो. इथे टाक्यातला गाळ आहे, इतकं काय. तोच नियम कॅलेंडरला लावला तर कॅलेंडरं बंदच करावी लागतील.

जुना डेस्कवाला
कॅलेंडरला लावा असं मी म्हटलेलंच नाही. वर वाचा.

लेणीवाचक
दोन्ही फोटो मोठे करून बघितले. ताई, मूळ फोटोत लाल टीशर्टवाला दुसऱ्या खांबाच्या उजव्या अंगाला उभा आहे. तो काढल्यावर तिथे मागच्या भिंतीत एक कोनाडा आलाय. चांगला चौकोनी, आत सावलीही आहे. तो कोनाडा प्रत्यक्षात आहे का?

सह्यवेडी
थांबा, बघते.

सह्यवेडी
नाही. तिथे सपाट कातळ आहे. मे महिन्याच्या फोटोत नीट दिसतं. मी बघितलंच नव्हतं, मला वाटलं मागचं जे आहे तेच उघडं पडलं.

लेणीवाचक
मागे काय आहे हे मोबाइलला कुठून कळणार? शेजारच्या दगडाकडे बघून तो अंदाजाने भरतो. कातळ, खांब आणि सावली दिसली, म्हणून कोनाडा सुचला. ओळखायची सोपी खूण म्हणजे, भरलेल्या जागेतल्या छिन्नीच्या रेघा शेजारच्या रेघांशी जुळत नाहीत आणि खांबाची कड मध्येच मऊ होते. पण मोठं करून बघेल त्यालाच हे दिसणार. उद्या कोणी हा फोटो कुठून तरी उचलून "टाक्यात देवकोष्ठ आढळते" असं लिहिलं की वीस वर्षं पुसलं जाणार नाही. मी असल्या दोन नोंदी निस्तरल्या आहेत, म्हणून इतका तापलोय.

आडवाटेचा पांथस्थ
अवांतर: टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का? तिथे मुक्काम करता येतो का?

सह्यवेडी
@पांथस्थ, नाही आणि नाही.
@लेणीवाचक, बरं झालं सांगितलंत. माणूस परत आणते. मग गोणपाटं आणि आभाळ राहू दे ना? गोणपाटांत आम्हीच काढलेला गाळ होता, पुढच्या रविवारी खाली नेला.

जुना डेस्कवाला
गोणपाटं कशाला काढता? तुम्ही घाम गाळल्याचा पुरावाच तो. आणि त्या दिवशी गाळ काठावर होता, खाली गेला नव्हता, हेही अहवाल वाचणाऱ्याला कळायला हवं. राहू द्या.

मला खरी काळजी आभाळाची आहे. आधीचा फोटो मे महिन्यातला म्हणालात. नंतरचा कधीचा?

सह्यवेडी
12 जुलै. का?

जुना डेस्कवाला
म्हणजे मे महिन्यात टाकं कोरडं, तळाशी चिखल. जुलैत पावसाने काठोकाठ. गाळ काढला नसता तरी जुलैत ते भरलंच असतं! आता जुलैचं पांढरं आभाळ निळं केलंत, म्हणजे पावसाची एकमेव खूणही पुसली गेली. बघणाऱ्याला वाटणार, सफाई केली आणि पाणी आलं. कोनाडा चुकून आला, पण सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा बदल हा आहे, आणि तो तुम्हाला सगळ्यात निरुपद्रवी वाटला.

प्रकाशबिंदू
हे मात्र पटलं. पण मग आभाळ पांढरं ठेवूनही जोडी फसवीच राहते की! एकही बदल न करता.

जुना डेस्कवाला
राहतेच. म्हणून दोन्हींवर तारीख हवी. आणि जमलं तर गाळ उपसताना तळ उघडा पडला होता, तेव्हाचा फोटो.

सह्यवेडी
तो आहे! 28 मेचा. कोणीतरी मोजपट्टी धरली आहे, पण फोटो तिरका आणि अंधारा आहे म्हणून घेतला नव्हता.

जुना डेस्कवाला
तोच घ्या. सरळ करा, उजळा, त्यासाठी ओळ लिहायची गरज नाही. फक्त पाण्याचा किंवा चिखलाचा रंग वेगळा उचलून बदलू नका. सफाईच्या फोटोत रंग म्हणजेच मजकूर.

सह्यवेडी
ठीक. आता ओळ सांगा ना कोणीतरी! "प्रातिनिधिक" का नको?

जुना डेस्कवाला
पेपरात "प्रातिनिधिक" म्हणजे फोटो या घटनेचा नाही, तशाच दुसऱ्या कशाचा तरी आहे. "संग्रहित" म्हणजे जुना आहे. तुमचा फोटो याच टाक्याचा, त्याच दिवसाचा, पण बदललेला. त्यामुळे दोन्ही शब्द खोटे पडतात. नुसतं "संपादित" लिहून मोकळं होऊ नका, त्यात उजेड वाढवलेलाही येतो आणि डोंगर हलवलेलाही. काय काढलं, कुठून काढलं आणि त्या जागी जे दिसतं ते कुठून आलं, एवढं लिहा. कॅलेंडरसाठी असं चालेल:

"खांबटाके, 12 जुलै. उजवीकडील व्यक्ती व काठावरील गोण्या काढून तो भाग संगणकाने भरला आहे. आकाशाचा रंग बदलला आहे."

पण कोनाडा तेवढा घालवा. मेच्या फोटोतला कातळ तिथे बसवता आला तर उत्तम, मग ओळीत तसं लिहा.

तंत्रगुरू
ओळ छापायची गरज नाही. फाइलच्या आतच नोंद करता येते, तेच प्रमाणित आहे. exiftool टाका आणि हे चालवा:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeWithTrainedAlgorithmicMedia" take.jpg
```

विषय संपला.

लेणीवाचक
नोंद जरूर करा, पण विषय कसा संपला? तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. कागदावर छापला तर प्रश्नच नाही, काहीच उरत नाही. ती मशीनसाठीची खूण आहे, भिंतीवरचं कॅलेंडर बघणाऱ्या आजोबांसाठी नाही.

तंत्रगुरू
आजोबांना कोनाड्याशी काय देणंघेणं?

लेणीवाचक
मी आजोबाच आहे.

कोकणचा खानसामा
उलटा त्रासही असतो. 2024मध्ये इन्स्टाग्रामने फाइलमधल्या अशाच नोंदी वाचून "Made with AI" चिकटवायला सुरुवात केली होती. कोपऱ्यातला एखादा डाग काढला तरी अख्ख्या फोटोवर तेच लेबल. फोटोग्राफर भडकले, मग त्याच वर्षी त्याचं "AI info" केलं. माझ्या भाचीच्या लग्नाच्या फोटोवरही ते आलं होतं, सासरचे विचारत होते की मुलगी खरी आहे ना.

सह्यवेडी
सगळ्यांचे आभार, हसूनही झालं. आता असं करतेय. अहवालात तीन फोटो. मेचा कोरडा, 28 मेचा मोजपट्टीवाला आणि 12 जुलैचा मूळ, लाल टीशर्ट आणि गोण्यांसकट. तिसऱ्याखाली लिहिलंय, "पाणी पावसाचे आहे, काढलेला गाळ काठावरील गोण्यांत." आमचे अध्यक्ष म्हणतात, ही ओळ वाचून कंपनीला वाटेल की आपण काहीच केलं नाही. काका म्हणतात, ओळ काढली तर मी सही करणार नाही.

जुना डेस्कवाला
मोजपट्टीवर किती दिसतंय?

सह्यवेडी
गाळाची खूण चार फुटांच्या जरा वर.

जुना डेस्कवाला
मग "पाणी पावसाचे" याच्या आधी "सुमारे चार फूट गाळ काढला" टाका. अध्यक्षही गप्प, काकाही.

सह्यवेडी
हे चालेल. कॅलेंडरचं मात्र अडलंय. छापखानावाला म्हणतो, ओळ पानामागे छापतो, पुढे टाकली तर फोटोची शोभा जाते.

प्रकाशबिंदू
मागेच छापा. कॅलेंडर आहे, अहवाल नाही.

लेणीवाचक
मागे छापून ती कोण वाचणार? भिंतीकडे तोंड करून?

प्रकाशबिंदू
महिना संपल्यावर पान उलटतात ना, तेव्हा.

लेणीवाचक
म्हणजे महिनाभर कोनाडा बघायचा आणि एक तारखेला खुलासा?

सह्यवेडी
कोनाडा काढलाय हो! मेच्या फोटोतला कातळ बसवला. बाकी भांडण तुम्ही चालू ठेवा, मी पाचच्या आत फाइल पाठवते.