मदत हवी आहे : लॅपटॉपवर एचडीआरचा बॅज आहे, मग रात्रीची दृश्ये करडी का दिसतात?

शंकेखोर

नमस्कार. नवीन लॅपटॉपच्या पडद्याविषयी थोडे मार्गदर्शन हवे आहे. त्याच्या खोक्यावर आणि कीबोर्डशेजारच्या स्टिकरवर 'डिस्प्ले-एचडीआर ४००' असा बॅज आहे आणि माहितीपत्रकात 'एचडीआर१० सपोर्ट' असेही छापलेले आहे. पॅनल आयपीएस आहे. विंडोजमध्ये `Use HDR` चालू केले की अपेक्षेच्या अगदी उलट घडते. डेस्कटॉप धुवून काढल्यासारखा फिका दिसतो, आणि चित्रपटातले रात्रीचे प्रसंग, उदाहरणार्थ अंधाऱ्या गल्लीत एकच दिवा जळतो आहे असे दृश्य, काळ्याऐवजी करड्या रंगात दिसते. एचडीआर बंद केल्यावर तेच दृश्य मला अधिक खोल वाटते.

पॅनल सदोष आहे, की माझ्या सेटिंगमध्ये काही चुकते आहे, की या बॅजचा अर्थच मुळात एवढा आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. लॅपटॉप परत करण्याची मुदत अजून संपलेली नाही, त्यामुळे उत्तरावर निर्णय अवलंबून आहे.

खटपट्या

हा सगळा बिटचा प्रश्न आहे. खऱ्या एचडीआरसाठी १०-बिट पॅनल लागते आणि लॅपटॉपवाले सर्रास ८-बिट पॅनल बसवून वर बॅज चिकटवतात. `Advanced display` मध्ये जाऊन `Bit depth` काय दाखवतो ते बघा. तिथे ८ असेल तर लॅपटॉप डोळे झाकून परत करा.

सांजवेळ

माझाही अगदी हाच अनुभव आहे. मी लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला आहे आणि एचडीआर चालू केले की फाँट फिके पडतात. मी `SDR content brightness` ची पट्टी वर सरकवली आणि प्रश्न सुटला. तुम्हीही तेच करून पाहा.

नितळ

शंकेखोर, तुमच्या तीन शक्यतांपैकी तिसरी मला सर्वाधिक संभाव्य वाटते. मात्र आधी खोक्यावरच्या दोन दाव्यांची फारकत करायला हवी, कारण त्यांचे वजन सारखे नाही.

'एचडीआर१० सपोर्ट' याचा अर्थ इतकाच की त्या प्रकारचा सिग्नल लॅपटॉपला वाचता येतो. तो वाचल्यानंतर पडद्याने किती उजेड द्यायचा आणि काळा किती काळा ठेवायचा, याविषयी त्या शब्दांत कोणतेही वचन नाही. एचडीआर१० ज्या पीक्यू वक्रावर, म्हणजे सिग्नलच्या आकड्याला उजेडाची पातळी ठरवून देणाऱ्या आलेखावर चालतो, तो कागदावर १०,००० निट्सपर्यंत जातो. निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक आहे. २५० निट्सचा सामान्य पडदाही तो सिग्नल घेऊन स्वतःच्या कुवतीत दाबून बसवू शकतो आणि तरीही 'सपोर्ट' हा शब्द खोटा ठरत नाही.

'डिस्प्ले-एचडीआर ४००' ही मात्र 'व्हेसा' या संस्थेची मोजमापावर आधारलेली श्रेणी आहे. ती डिसेंबर २०१७ मध्ये ४००, ६०० आणि १००० अशा तीन पायऱ्यांनी सुरू झाली. यातला आकडा कमाल उजेडाचा आहे आणि खरी मेख तिथेच आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार ४०० च्या पायरीला पडद्याच्या छोट्या भागावर ४०० निट्स आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर सलग ३२० निट्स द्यावे लागतात. पण पडद्यावर पांढरा भाग असताना शेजारचा काळा ०.४ निट्सपर्यंत उजळ असला तरी तो उत्तीर्ण होतो. पॅनलमागून उजेड पुरवणारा बॅकलाइट वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त करता आला पाहिजे, अशी अट या पायरीला नाही.

आता तुमच्या गल्लीतल्या दिव्याचे गणित मांडू. साधारण आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ हे प्रमाण, १०००:१ च्या आसपास असतो. दिव्यासाठी ४०० निट्स हवेत म्हणून सबंध बॅकलाइट पूर्ण चढवला, तर गल्लीचा काळा ४०० भागिले १०००, म्हणजे बरोबर ०.४ निट्सवर येतो. अंधाऱ्या खोलीत एवढा काळा सरळ करडा दिसतो. तो खाली आणायचा तर बॅकलाइट उतरवावा लागेल, आणि मग दिवाही मंद होईल. बॅकलाइट एकच असल्यामुळे दिवा आणि अंधार या दोघांना एकाच दोरीने बांधलेले आहे. पॅनलमध्ये काहीही बिघाड नसताना, बॅज पूर्णपणे खरा असताना, तुम्हाला दिसते तसेच दिसणार.

डेस्कटॉप फिका का पडतो, याचेही मूळ बहुधा हेच आहे. ज्या लॅपटॉपमध्ये एचडीआर चालू करताच बॅकलाइट पूर्ण चढतो, तिथे नेहमीच्या खिडक्यांचा पांढरा रंग डोळ्यांना सोसावा म्हणून पिक्सेलच्या पातळीवर खाली आणला जातो. समजा तो १६० निट्सवर ठेवला. काळा मात्र ०.४ वरच राहिला, म्हणजे प्रत्यक्षात हाती आलेला कॉन्ट्रास्ट ४००:१. एचडीआर बंद असताना त्याच १६० निट्ससाठी बॅकलाइटच उतरतो, काळा ०.१६ वर जातो आणि १०००:१ शाबूत राहतो. तुम्हाला एचडीआर बंद ठेवल्यावर चित्र अधिक खोल वाटले, ते या हिशोबाला धरूनच आहे. याखेरीज, एचडीआर चालू असताना विंडोज साध्या आशयासाठी जो टोन-वक्र वापरते, त्यामुळे गडद छटा थोड्या उचललेल्या दिसतात, ही भर वेगळी.

खटपट्या यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. जुन्या नियमांत ४०० च्या पायरीला ८-बिट पॅनल चालत असे आणि रंगांची अपेक्षाही एसआरजीबी या नेहमीच्या साध्या रंगपट्ट्याच्या जवळपासच होती. २०२४ मध्ये नियम कडक झाले. आता ४०० लाही ८-बिट अधिक २-बिट डिदरिंग, म्हणजे जवळच्या छटा मिसळून मधल्या छटांचा भास निर्माण करणे, आणि चित्रपटांसाठीच्या डीसीआय-पी३ या अधिक रुंद रंगपट्ट्याचे ९० टक्के रंग लागतात. जुन्या नियमांखाली मिळालेले बॅज मात्र त्याने पुसले जात नाहीत. आणि बिट कमी पडले तर आकाशासारख्या सलग छटांमध्ये पट्टे दिसतात. काळा करडा होण्याशी बिटचा संबंध नाही.

सांजवेळ यांचा उपाय बाहेरच्या मॉनिटरसाठी योग्य आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला विंडोज सहसा त्याऐवजी `HDR content brightness` ही पट्टी देते. ती सरकवल्याने साध्या आणि एचडीआर आशयाचा परस्पर तोल बदलतो, काळा खाली येत नाही.

तपासणीसाठी `dxdiag` चालवा, `Save All Information` ने मजकूर फाइल जतन करा आणि तिच्यात `Display Luminance` ही ओळ शोधा. मात्र ती ओळ पॅनलने स्वतःविषयी दिलेली माहिती असते, कोणी मोजलेली नव्हे. त्यानंतर खोलीत अंधार करून काळ्या पार्श्वभूमीच्या मधोमध छोटा पांढरा चौकोन पूर्ण पडद्यावर लावा आणि चौकोन पुठ्ठ्याने झाका. पडद्याच्या कडा तेवत असतील तर बॅकलाइट एकसंध आहे. चौकोनाभोवतीच तेवढे वलय दिसून कडा काळ्या राहिल्या तर बॅकलाइट विभागलेला आहे. कुठेच उजेड नसेल तर पॅनल ओएलईडी आहे, म्हणजे त्याला बॅकलाइट नसून प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, पण ती शक्यता तुम्ही आयपीएस म्हटल्यावरच संपली.

मितभाषी

मग ४०० निट्सचा ओएलईडीही याच दर्जाचा समजायचा का? आकडा तर तोच आहे.

नितळ

नाही, आणि इथेच पुष्कळ ग्राहक फसतात. ओएलईडीसाठी 'ट्रू ब्लॅक' अशी वेगळी शाखा आहे. 'ट्रू ब्लॅक ४००' मध्ये काळ्याची मर्यादा ०.०००५ निट्स आहे, म्हणजे साध्या ४०० च्या जुन्या मर्यादेच्या आठशेव्या हिश्श्याइतकी. उलट पूर्ण पांढऱ्या पडद्यावर तिथे सलग २५० निट्सच मागितले जातात, साध्या ४०० मध्ये ३२०. उजेड असलेल्या खोलीत दिवसभर पांढऱ्या कागदांवर काम करणाऱ्याला साधा ४०० अधिक सोयीचा वाटू शकेल. रात्री चित्रपट पाहणाऱ्यासाठी दोघांची तुलनाच होत नाही. आयपीएसच हवा असेल तर निदान ६०० ची पायरी पाहावी. तिथे काळ्याची मर्यादा ०.१ निट्स आहे आणि एकसंध बॅकलाइटने ती गाठणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे उत्पादकाला बॅकलाइट विभागावाच लागतो. तो किती भागांत, हे मात्र बॅज सांगत नाही. भाग मोजकेच असतील तर दिव्याभोवतीचे वलय खटकते.

आणखी एक. एकाच नावाचा लॅपटॉप अनेकदा दोन-तीन वेगवेगळ्या पॅनलसह विकला जातो आणि जाहिरातीतला बॅज त्यातल्या सर्वांत चांगल्या पॅनलचा असतो. त्यामुळे व्हेसाच्या `displayhdr.org` या संकेतस्थळावरील यादीत आपला नेमका मॉडेल क्रमांक आहे का, हे पाहिल्याशिवाय स्टिकरवर विसंबू नये.

शंकेखोर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. दोन्ही तपासण्या केल्या. फाइलमधली ओळ अशी आहे :

```
Display Luminance: Min Luminance = 0.400000, Max Luminance = 400.000000, MaxFullFrameLuminance = 400.000000
```

चौकोन झाकल्यावर पडदा चारही कोपऱ्यांपर्यंत सारखाच तेवत होता. त्यानंतर चौकोन काढून संपूर्ण काळे चित्र लावले, तेव्हा दोन-तीन क्षणांनी सबंध पडदा हळूच मंद झाला, आणि माउसचा बाण हलवताच पुन्हा उजळला. संकेतस्थळाच्या यादीत याच नावाचा मॉडेल आहे, पण क्रमांकाच्या शेवटची दोन अक्षरे माझ्या लॅपटॉपशी जुळत नाहीत. विक्रेत्याला विचारले असता 'दोन्ही एकच आहेत' एवढेच तोंडी उत्तर मिळाले.

खटपट्या

शेवटची अक्षरे पुष्कळदा फक्त रंग किंवा कीबोर्डची असतात. त्यावरून पॅनल बदलला असे म्हणता येणार नाही.

नितळ

असतात, आणि कधी कधी पॅनलचीही असतात. उत्पादकाकडून लेखी खुलासा घेतल्याखेरीज हे ठरणार नाही, त्यामुळे मुदत संपण्यापूर्वी तो मागवावा. बाकी चित्र स्पष्ट आहे. पूर्ण काळ्या चित्रावर सबंध पडदा मंद होणे म्हणजे बॅकलाइट एकच आहे आणि तो एकगठ्ठा चढ-उतार करतो. सदोष पॅनल म्हणून तक्रार केली तर ती टिकणार नाही, कारण ४०० च्या पायरीला हे वर्तन मान्य आहे. क्रमांक जुळत नसल्याची तक्रार मात्र रास्त आहे. त्या ओळीतले गोल आकडेही मोजमापातून आल्यासारखे वाटत नाहीत. पूर्ण पडद्यावरही नेमके ४०० येतात की काय, हे पडद्याचा उजेड मोजणारे कॉलरीमीटर हे उपकरण लावल्याशिवाय कळणार नाही.

लॅपटॉप ठेवणार असाल तर डेस्कटॉपसाठी `Use HDR` बंद ठेवा. चित्रपटासाठी एचडीआर सेटिंगच्याच पानावर एचडीआर व्हिडिओचा स्वतंत्र पर्याय असतो, तो चालू करून पाहा. चार्जर लावूनच पाहा, कारण बॅटरीवर असताना एचडीआर रोखण्याचा पर्यायही तिथेच आहे आणि तो चालू असेल तर तुलना फसते.

मितभाषी

माझ्या लॅपटॉपवर व्हेसाचा बॅज नाही, पण डॉल्बी व्हिजनचे चिन्ह आहे. त्याला यांतली कोणती पायरी समजावी?

नितळ

कोणतीच नाही. त्या चिन्हासोबत निट्सची पायरी छापलेली नसते, त्यामुळे केवळ त्यावरून पडद्याचा काळा किती खोल आहे हे कोणीही सांगू शकणार नाही. पॅनलचा प्रकार आणि पुठ्ठ्याच्या चाचणीत काय दिसले ते लिहा, मग पुढे बोलता येईल.