गॅसचं बिल ८५२.५०, मग ९०० कसले?

[मुलुंड – सोसायटी ग्रुप, ऑगस्ट २०२५]

बी-३०४: मंडळी, काल सिलिंडर आला. बिलावर ८५२.५० आहे, पण पोऱ्याने ९०० घेतले. म्हणाला, "तिसरा मजला आहे, डिलिव्हरीचे वेगळे." मी दिले खरे, पण रात्रभर डोक्यात घोळतंय. आणि सबसिडी अजून जमा नाही. कुणाची झाली का?

बी-५०१: आमच्याकडे ३० घेतो. पाचवा मजला असून! 😀

ए-१०२ काका: रेखाताई, बिल समोर धरा आणि ओळी वाचा. मी दहा वर्षं एजन्सीत बिलं फाडलीयेत.

बी-३०४: मूळ किंमत ७७८.४७. डिलिव्हरी ३३.४३. सीजीएसटी २०.३०, एसजीएसटी २०.३०. एकूण ८५२.५०.

ए-१०२ काका: मग डिलिव्हरी दिलीत ना! घरपोच आणण्याचे ३३.४३ त्या ८५२.५० मध्येच आहेत. वरचे ४७.५० कुठल्याच कागदावर नाहीत. मजल्यानुसार दर असा प्रकारच नाही, दाराशी आणून देणं हेच डिलिव्हरी.

बी-२०३: पण काका, आमच्या बिलात डिलिव्हरीची ओळच नाही.

ए-१०२ काका: काही बिलांत ती मूळ किमतीत मिसळलेली असते. तपासायचं असेल तर कराकडे बघा. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. रेखाताईंच्या बिलात नुसत्या ७७८.४७ वर कर लागला असता तर साधारण ३८.९२ झाला असता. पण लागलाय ४०.६०, म्हणजे ७७८.४७ आणि ३३.४३ यांच्या बेरजेवर, ८११.९० वर. डिलिव्हरीवरही कर भरलाय तुम्ही, मग ती परत कशाला द्यायची? ज्यांच्या बिलात ओळ नाही, त्यांनी एकूण रक्कम १.०५ ने भागायची. ८११.९० आलं की समजायचं, डिलिव्हरी आतच आहे.

बी-५०१: आणि आपण स्वतः गोदामातून आणला तर?

ए-१०२ काका: तर ते डिलिव्हरीचे पैसे कमी व्हायला हवेत. मागून घ्यावे लागतात, आपणहून कोणी देत नाही.

बी-३०४: बरं, सबसिडीचं?

ए-१०२ काका: ताई, तुमचं कनेक्शन उज्ज्वलाचं नाही. २०१५ पासून पहल योजनेत आधी पूर्ण पैसे द्यायचे आणि सबसिडी नंतर खात्यात, ही पद्धत आली. पण मे २०२० पासून मुंबईत साध्या ग्राहकाची सबसिडी शून्य आहे. येणारच नाही, वाट बघू नका.

ए-४०४: काका, आमच्या कामाच्या मावशींचं उज्ज्वलाचं आहे. त्यांनाही दोन महिने काही आलं नाही. एजन्सीवाले म्हणतात, "आम्ही पाठवलं."

ए-१०२ काका: उज्ज्वलाला वर्षात ठरावीक सिलिंडरांपर्यंत प्रत्येकी ३०० येतात. दारात ८५२.५० द्यायचे, मग ३०० परत, म्हणजे पडतो ५५२.५० ला. बिलावर ३०० वजा दिसत नाहीत, त्यामुळे लोक गोंधळतात. मावशींनी गेल्या वर्षी लाडकी बहीणसाठी नवीन खातं काढलं होतं का?

ए-४०४: हो, पोस्टात! आधार जोडून.

ए-१०२ काका: मग तिथेच असणार. आधारवरून येणारे पैसे पासबुकातल्या जुन्या खात्यात येत नाहीत, आधार शेवटचं ज्या खात्याशी जोडलं त्यात जातात. एजन्सी खोटं बोलत नाही. मायआधारच्या साइटवर लॉगिन करून 'Bank Seeding Status' बघा, बँकेचं नाव दिसेल.

ए-४०४: (दुपारी) काका, दिसलं. पोस्टाचंच खातं. मावशींनी तिथला मिनी स्टेटमेंट काढला, ३०० च्या दोन नोंदी आहेत. मावशी म्हणतात, "मी तर त्या बँकेला शिव्या घालत होते."

बी-३०४: 😂 आणि माझे ४७.५०?

ए-१०२ काका: पुढच्या वेळी मोजून ८५२.५० द्या किंवा ऑनलाइन भरा. ओटीपी मात्र सिलिंडर घरात आल्याशिवाय सांगू नका, तो सांगितला की डिलिव्हरी झाली असं नोंदलं जातं. ऐकलं नाही तर टोल-फ्री १८००२३३३५५५ वर बिल क्रमांकासह तक्रार.

बी-५०१: पण काका, एवढा जड सिलिंडर चढवतो बिचारा. मी खुशीने देते.

ए-१०२ काका: खुशीने द्या की. मागून घेतलेलं वेगळं.

बी-३०४: पोऱ्याला फोन केला. म्हणतो, "ताई, पुढच्या वेळी वजा करतो." बघू.