लिपी हिशेबातून आली की गोष्टीतून?

केतकी_म (मूळ पोस्ट): लिपीचा जन्म कवितेच्या पोटी झाला. हिशेबनिसांना उगाच श्रेय देऊ नका. माणूस आधी गोष्ट सांगतो, मग नाणी मोजतो. मातीवर मेंढ्या मोजल्या म्हणून लिपी वाण्याची ठरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाळवंटी: हे वाचून राहवलं नाही. नाणी तेव्हा नव्हतीच, ती अडीच हजार वर्षांनी आली. आणि गोष्ट आधी सांगितली जायची हे कुणी नाकारलंय? प्रश्न ती लिहायची गरज कधी पडली हा आहे. गोष्ट तोंडपाठ राहते. चार महिन्यांत कुणाला किती सातू दिला ते राहत नाही.

दक्षिण इराकमधल्या उरुकला, एआन्ना देवळाच्या आवारात भरावाच्या कचऱ्यात सर्वांत जुन्या पाट्या सापडल्या, इ.स.पू. सुमारे ३२०० च्या. बहुतेक सगळ्या हिशेबाच्या. बोरूचं गोल टोक तिरकं दाबलं की लांबट खूण उठते, सरळ दाबलं की गोल. मेंढ्या मोजताना दहा लांबट म्हणजे एक गोल. सातू मापताना मात्र सहा लांबट म्हणजे एक गोल! पाच आणि चार मेंढ्यांची बेरीज नऊ लांबट खुणा. पाच आणि चार मापं सातूची बेरीज एक गोल, तीन लांबट. पाटीच्या पुढे नोंदी आणि मागे बेरीज असते, त्या जुळवूनच अभ्यासकांना या पद्धती उलगडल्या. आकडा अजून वस्तूपासून सुटलेलाच नव्हता. कवितेतून आलेल्या लिपीत असं कशाला असेल?

भाऊसाहेब_नगर: साहेब, जळाला तो ताडपत्रांचा, चामड्याचा माल. माती टिकली म्हणून हिशेब दिसतात. शिवाय इराकमधल्याच नुझीच्या पोकळ मातीच्या अंड्यात ४९ खडे निघाले, वर मेंढ्या-शेळ्यांची यादी. म्हणजे खड्यांतूनच अक्षरं आली, सिद्ध झालं.

वाळवंटी: टिकण्याचा मुद्दा रास्त, मान्य. पण त्याच मातीवर कविता का नाही? आणि नुझीचं अंडं इ.स.पू. दीड हजाराच्या आसपासचं, लिपी तेव्हा जुनी झाली होती. त्यावरून खडे आणि लेखन शेजारी चालत एवढंच कळतं. मोजणीच्या मातीच्या छोट्या खड्यांवरून चिन्हं आली हा पुरातत्त्व अभ्यासक डेनिस श्मांट-बेसेरा यांचा सिद्धांत. वर्तुळातली फुली म्हणजे मेंढी, हे चिन्ह खड्यावर आणि पाटीवर जुळतं. बाकी कित्येक जुळत नाहीत, वाद अजून चालू आहे.

सुलभा_ताई: माझी आजी निरक्षर होती. दूध घेतलं की दाराच्या चौकटीमागे कोळशाची एक रेघ, अर्धा शेर असेल तर आडवी. महिनाअखेर दूधवाल्याने दोन रेघा जास्त सांगितल्या, तर आजीने त्याला भिंतीसमोर उभं करून मोजायला लावलं. तिला सगळे अडाणी म्हणायचे. ते लेखन नाही का?

भाऊसाहेब_नगर: नाही. रेघ म्हणजे रेघ.

सुलभा_ताई: का नाही? आडवी आणि उभी वेगळी होती! तुमच्या उरुकच्या लोकांनी तरी दुसरं काय केलं?

वाळवंटी: ताई, तुमच्या आजींनी माप रेघेत घातलं, ही मोठी गोष्ट. पण 'दूध' कुठे लिहिलं? चौकटीवर फक्त दुधाच्याच रेघा असतात हे घरच्यांना माहीत होतं. परक्याने वाचलं तर? उरुकच्या पाटीवर मेंढीचं चिन्ह वेगळं, आकडा वेगळा, अधिकाऱ्याचं चिन्ह वेगळं. गावाबाहेरच्या हिशेबनिसालाही कळेल असं.

सुलभा_ताई: म्हणजे परक्याला कळलं तरच लेखन? माझ्या रोजनिशीत मीच वाचेन अशा खुणा आहेत, त्यांचं काय? पटलं नाही.

नीरज_७७: सगळे इराकमध्ये अडकलात. इजिप्तमध्ये अबायडोसच्या यू-जे थडग्यात छोट्या चिठ्ठ्या निघाल्या, त्याच सुमाराच्या. चीनमधलं सर्वांत जुनं ठाम लेखन कौल लावायच्या हाडांवर आहे. सगळीकडे हिशेबच आधी, हे कुठून आणलंत?

वाळवंटी: सगळीकडे असं मी म्हटलेलं नाही, मेसोपोटेमियाचं बोलतोय. चीनचं तुमचं बरोबर. अबायडोसच्या चिठ्ठ्याही मालाला लावलेल्या दिसतात, पण त्यांचं वाचन वादात आहे, म्हणून जोर देत नाही.

केतकी_म: उरुकलाच शब्दांच्या याद्याही सापडल्यात ना? हुद्द्यांची यादी तर शेकडो वर्षं उतरवली गेली. ते हिशेब आहेत का?

वाळवंटी: नाहीत, आणि हा तुमचा खरा मुद्दा. पण त्या शिकाऊ हिशेबनिसांसाठी होत्या. मुळात तेव्हा गोष्ट लिहायची सोयच नव्हती. पाटीवरच्या चौकटीत आकडा, वस्तू, माणूस, एवढंच. क्रियापदाची रूपं लिहीत नसत. नावं लिहायची तर उच्चार हवा, म्हणून बाणाचं चिन्ह 'ती' या उच्चारासाठी, कारण तिथल्या सुमेरी भाषेत 'ती' म्हणजे बाण आणि 'ती' म्हणजे जीवनही. हे रुळायला शतकं गेली. शुरुप्पाकचा उपदेश नि केश देवळाचं स्तोत्र अशा रचना तिथल्याच अबू सलाबिख गावच्या पाट्यांवर येतात ते इ.स.पू. २६०० ते २५०० च्या सुमारास. उर-नम्मू राजाचे कायदे २१०० च्या आसपास.

केतकी_म: बरं, सहा-सातशे वर्षं थांबावं लागलं कवितेला. 'पोटी' हा शब्द मागे घेते. पण त्या हिशेबनिसांनी घरी मुलांना गोष्टी सांगितल्या नसतील असं म्हणू नका.

सुलभा_ताई: माझ्या आजीच्या रेघांचं अजून कुणी बोललं नाही.