प्रतिसाद: इन्स्टा आयडी कधी द्यायचा?

"मॅच होऊन चारच दिवस झालेत, तो इन्स्टा मागतोय. देऊ का? आधी काय बघू?"

आधी डेटिंग ॲपमध्येच पाच मिनिटं व्हिडिओ कॉल कर, आणि तो करायला त्याने टाळाटाळ केली तर विषय संपला. चेहरा फोटोशी जुळला तर त्याचा आयडी आधी माग, तुझा नंतर. प्रोफाइलवर तीन टिंबं दाबून 'या अकाउंटबद्दल' उघडलं की अकाउंट कधी सुरू झालं ते दिसतं, मला एकदा 'पुण्यात दहा वर्षं' म्हणणारा भेटला होता, त्याचं अकाउंट दोन महिन्यांचं आणि सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेले, टॅग केलेला एकही मित्र नाही. नवीन अकाउंट म्हणजे फ्रॉडच असं नाही, पण मग कॉलवर विचारायचं ना.

आता तुझी बाजू. अकाउंट प्रायव्हेट असलं तरी रिक्वेस्ट घेतलीस की तुझी फॉलोअर्सची यादी त्याला दिसते, त्यात आई, मावशी, ऑफिसातले सगळे. ब्लॅकमेल करणारे नेमकी तीच यादी स्क्रीनशॉट काढून ठेवतात, आणि मग नको तो व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून 'आत्याला पाठवू का' म्हणतात. असं झालंच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आणि हायलाइट्समधला सोसायटीच्या गेटसमोरचा तो गणपती विसर्जनाचा व्हिडिओ आधी काढ बाई, पाटीवरचं नाव स्पष्ट वाचता येतं त्यात (माझं असंच होतं).

मी स्वतः पहिल्या भेटीनंतरच देते.