ट्रेंड + व्होलॅटिलिटी फिल्टर: वाचवतो की नुसता घुमवतो?

काठावरचा: माझी ब्रेकआउट स्ट्रॅटेजी आहे. इंडेक्स २०० दिवसांच्या सरासरीवर आणि २० दिवसांची वार्षिक व्होलॅटिलिटी २५ टक्क्यांखाली असेल तरच ती चालू ठेवावी म्हणतोय. बॅकटेस्ट झकास दिसतो. विश्वास ठेवू का?

जुनाखेळाडू: नुसती सरासरी लावलीत तर फसाल. २०२० मधला एस अँड पी ५०० बघा. २७ फेब्रुवारीला तो सरासरीखाली गेला, २ मार्चला वर आला (३०९०), ३ ला खाली (३००३), ४ ला पुन्हा वर (३१३०), ५ ला पुन्हा खाली (३०२४). त्याच दिवशीच्या बंद भावाला सौदा धरला तर दोन फेऱ्यांत २.८ आणि ३.४ टक्के गेले. सौदा एक दिवस उशिरा, दुसऱ्या दिवशीच्या बंद भावाला धरला, तर पहिल्या फेरीत ४.२ टक्के फायदा आणि दुसरीत १.७ टक्के तोटा! नियम तोच, निकाल उलटा. म्हणून एका दिवसाच्या फरकाने आकडा उलटत असेल, तर तो नशिबाचा समजा. व्होलॅटिलिटीची अट असती तर तेव्हा बाजार इतका उसळत होता की चारही सौदे झालेच नसते.

रातकिडा: आणि पुढे? २३ मार्चचा तळ २२३७. सरासरीच्या वर यायला मेअखेर उजाडली, तोवर इंडेक्स ३०३६. म्हणजे पस्तीस टक्क्यांवर उसळी तुम्ही बाहेर बसून बघितली. मी तर स्ट्रॅटेजी बंद करतच नाही, व्होलॅटिलिटी दुप्पट झाली की सौदा निम्मा करतो.

जुनाखेळाडू: पटतं, पण अर्धंच. उसळीतून ब्रेकआउटला काही मिळालं असतं का, हे आधी तपासा. मोठ्या चढउतारात खोटे ब्रेकआउट जास्त येतात. सौदा निम्मा केला तरी ते घेतलेच जातात.

नवशिका७: माझी तर घसरणीत खरेदी करायची स्ट्रॅटेजी आहे. हाच फिल्टर लावला आणि सगळे चांगले सौदेच गायब झाले. म्हणजे बाजार पडणार हे फिल्टर चुकीचं सांगतो ना?

जुनाखेळाडू: तो काहीच भाकीत करत नाही हो. तुमचा नफाच भीतीच्या दिवसांत आहे, तर तेच दिवस कापून कसं चालेल?

काठावरचा: मग २५ हा आकडा कसा ठरवू? मी पूर्ण इतिहासाचा ८० वा पर्सेंटाइल घेतला होता.

जुनाखेळाडू: इथेच गोम आहे. २०१५ च्या सौद्याला २०२० ची माहिती मिळाली की! त्या दिवसापर्यंतच्याच डेटावर पर्सेंटाइल काढा. चालू आणि बंदची रेघ वेगळी ठेवा, म्हणजे २५ वर बंद आणि २० खाली आल्यावरच चालू. मग फिल्टरने जितके आणि जेवढ्या लांबीचे टप्पे बंद ठेवले, तसेच टप्पे हजार वेळा यादृच्छिक जागी टाकून बघा. तुमचा निकाल त्या गर्दीतच बसला तर फिल्टर फेकून द्या.

रातकिडा: आणि गर्दीबाहेर आला तरी तुमच्या डेटात मोठ्या घसरणी किती, चार-पाच? तेवढ्यावर मी पैसे लावणार नाही.

काठावरचा: चारच आहेत. पर्सेंटाइल नव्याने काढला, तर २०११ मध्ये बंदचे दिवस जवळपास दुप्पट झाले. हजार फेऱ्या आज रात्री लावतो.